पोरं शाळेत, आम्ही फडात
(ऊसतोड मजुरांच्या गावी राहिलेल्या मुलांबद्दल, देणगीदारांसाठी लघुपट. लांबी साडेतीन मिनिटं. चित्रीकरण: धारूर तालुका, जि. बीड आणि सांगली जिल्ह्यातला एक उसाचा फड.)

शूटिंगच्या टीमसाठी, आधी वाचा

संमती दिवाळीआधी, गाड्या निघण्यापूर्वी घ्यायची. आई-वडील दोघं घरी असताना, आणि मुकादम समोर नसताना. उचल, म्हणजे हंगामाआधी आगाऊ पैसे घेतलेला माणूस त्याच्या देखत ‘नको’ म्हणत नाही. मुलीलाही वेगळं विचारायचं. शाळेची पाटी, गावाचं नाव, कारखान्याचं नाव, मुकादमाचा चेहरा यातलं काहीही फ्रेममध्ये नको. या कुटुंबाला पुढच्या वर्षीही त्याच टोळीत जायचंय. कोपीच्या, म्हणजे मजुरांच्या झोपडीच्या आत कॅमेरा न्यायचा नाही, आईनं तसं स्पष्ट सांगितलंय. कुणाला रडू आलं तर कॅमेरा खाली. बासरी, स्लो मोशन, काहीच नको. शूटिंगमुळे ज्यांची मजुरी बुडेल त्यांना ती द्यायची, मग ते काय बोलले हे न बघता.

दृश्य १. सकाळ, शाळेचा व्हरांडा

सहावीतली मुलगी हातात खडू घेऊन फळ्याजवळ. समोर पोरांचा गोंगाट.

मुलगी: संध्याकाळी कोण कोण जेवणार? हात वर!

एक पोरगा दोन्ही हात वर करतो.

मुलगी: एकानं एकच!

ती फळ्यावर लिहिते: ४३.

मुलगी (कॅमेऱ्याकडे): आकडा मावशीला आत्ताच द्यावा लागतो. नाहीतर भाकरी कमी पडतात, मग सगळे माझ्यावर ओरडतात.

दृश्य २. फड, सूर्य वर आलेला

आई मोळी बांधतेय. कॅमेरा तिच्या उंचीवर, लांबून नाही. हात थांबवून तिला बोलायला लावू नका. आवाज आदल्या रात्री निवांत रेकॉर्ड करा.

आईचा आवाज: नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल घेतली की जावंच लागतं. मागं पोरीलाबी संगं आणायचो. इथं ती धाकट्याला सांभाळायची, वाढं गोळा करायची. परत गावात गेलं की वर्गातली पोरं लई पुढं गेलेली असायची. आता ती आजीपशी राहती. झोपायला घरी, जेवायला आन् अभ्यासाला शाळेत.

दृश्य ३. संध्याकाळ, आजीची ओसरी

मुलगी फोनवर. मांडीवर वही, त्यात उभ्या रेघा मारलेल्या.

मुलगी: आई, कालच्या खेपेच्या पावतीचा फोटो नीट आला नाही. पुन्हा पाठव.

आई (फोनवर): पाठवते. जेवलीस का?

मुलगी: जेवले. आधी टन सांग.

आजी (हसत): माय-लेकीचं रोज हेच. आमची उचल किती फिटली, हिच्याच वहीत असतंय.

(वही दिसावी, आकडे वाचता येऊ नयेत. या दृश्यावर घाई करू नका. देणगीदाराला या मुलीची दया येण्यापेक्षा तिचा हिशेब दिसला पाहिजे. संपादनात वेळ कमी पडला तर दृश्य २ कापा, हे नाही.)

दृश्य ४. स्वयंपाकघर

स्वयंपाकीण मावशी परातीत पीठ मळतेय. देणगीची विनंती तीच करते, निवेदक नको.

मावशी: मीबी कोयता चालवलाय, मला नवं काय सांगताय. दुपारचा पोषण आहार शाळेतून मिळतोय. सकाळ-संध्याकाळचं आम्ही करतो. एका लेकराला दोन टायमाचं महिन्याला दीड हजार लागतंय. वरून आम्हा दोघी बायांचा पगार, संध्याकाळी शिकवणाऱ्या पोराचा पगार. सहा महिन्याचं सगळं मिळून चार लाख त्र्याऐंशी हजार. त्यातले त्रेसष्ट हजार गावानं काढले, ज्वारीचे पोते धरून. राहिले चार लाख वीस हजार. ते तुम्हाला मागतोय. हिशेब इथं भिंतीवर लावलाय, कधीबी येऊन बघा.

कॅमेरा भिंतीवरच्या तक्त्याकडे. तीन सेकंद, आकडे वाचता येतील इतका वेळ.

पडद्यावर अक्षरं

एका मुलाचं हंगामभराचं दोन वेळचं जेवण: ₹९,०००
अजून हवेत: ₹४,२०,०००
देणगीवर आयकर कायद्यानुसार सवलत.
चित्रपटातल्या व्यक्तींच्या इच्छेनुसार नावं दिलेली नाहीत.

खाली संस्थेचं नाव आणि क्यूआर कोड.

संपादकासाठी

पहिला कट गावात, शाळेतच दाखवायचा; देणगीदारांच्या आधी. फडावरच्यांना फोनवर पाठवायचा आणि उत्तर येईपर्यंत थांबायचं. ज्याला जे नको, ते कारण न विचारता काढायचं. एक मिनिटाची आवृत्ती करताना आईचं वाक्य ‘वाढं गोळा करायची’ इथं तोडू नका. पुढचं ‘आता ती आजीपशी राहती’ सोबत हवंच. हंगाम संपला की फिल्म सगळीकडून उतरवायची. पुढच्या वर्षी वापरायची असेल तर मुलीला आणि घरच्यांना नव्यानं विचारायचं.