पिशवीतले दूध वारंवार नासलेले आल्याबद्दल तक्रार व बदली दूध मिळण्याबाबत

दिनांक : २० मे

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा व गुणवत्ता विभाग

विषय : ६, ११, १२ आणि १९ मे रोजी आलेले दूध तापवताना नासल्याबद्दल तक्रार आणि सात पिशव्या बदलून मिळण्याची मागणी.
संदर्भ : रतीब खाते क्रमांक २१७४, रोज अर्ध्या लिटरच्या दोन पिशव्या, गायीचे दूध.

महोदय,

गेली काही वर्षे आमच्या घरी तुमच्याच कंपनीच्या दुधाचा रतीब आहे. आजवर तक्रार करण्याची वेळ आली नव्हती. या महिन्यात मात्र दूध पुन्हा पुन्हा नासलेले आले आहे, आणि फोनवर सांगून काहीच झाले नाही म्हणून हे पत्र लिहीत आहे.

६ मे रोजी दोन्ही पिशव्यांतले दूध नासले. ११ मे रोजी एका पिशवीतले नासले, दुसरीतले चांगले होते. १२ तारखेला पुन्हा दोन्ही गेल्या. काल, १९ मे रोजी, पहिली पिशवी तापवताच दूध फाटले, तेव्हा दुसरी न फोडता तशीच फ्रिजमध्ये ठेवली आहे. चारही दिवशी पिशवीवर छापलेली मुदत संपलेली नव्हती. बॅच क्रमांक आणि मुदतीची तारीख स्पष्ट दिसेल असे प्रत्येक पिशवीचे फोटो सोबत जोडले आहेत. काल दूध फाटतानाचे चित्रीकरणही आहे.

ते एकदा जरूर पाहावे. पिशवी फोडताना दुधात काहीच वावगे दिसत नाही. रंग नेहमीचा, वास नेहमीचा. पातेले गॅसवर ठेवल्यावर आधी कडेला बारीक कण चिकटलेले दिसतात, आणि उकळी यायच्या आत सगळ्या दुधाच्या गुठळ्या होऊन हिरवट पिवळे पाणी वेगळे होते. म्हणजे दूध आमच्या दारात येण्यापूर्वीच बिघडलेले होते, तापवल्यावर ते फक्त उघड झाले. मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे यामागचे कारण मला ठाऊक आहे. दुधात जिवाणू वाढून थोडी आम्लता आली की थंड दूध वरून धड दिसते, पण उष्णता लागली की त्यातले प्रथिन साकळते. दूध घेताना ते उकळून पाहण्याची चाचणी याच कारणासाठी करतात, हे मी तुम्हाला सांगायला नको.

तुमच्या तक्रार क्रमांकावर फोन केला तेव्हा पलीकडून पहिला प्रश्न आला, "पातेले नीट धुतले होते का?" दुसऱ्या वेळी ऐकवले गेले की दूध तापवायला आम्हीच उशीर केला असेल. या उत्तरांचा मला मनापासून राग आला. पिशव्या दारात पडल्या की लगेच उचलल्या जातात आणि तेव्हाच दूध तापवले जाते. ११ तारखेला एकाच पातेल्यात आधी चांगले दूध तापले, ते काढून पातेले घासले आणि मग दुसऱ्या पिशवीतले दूध त्याच पातेल्यात नासले. दोष पातेल्याचा असता तर पहिलेही नासायला हवे होते. शिवाय १२ तारखेला आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर त्याच बॅचचे दूध फाटले. त्या घरचे वेगळी तक्रार करणार आहेत.

घरी दूध टाकणाऱ्या मुलाला मी दोष देत नाही, आणि या पत्राचा राग त्याच्यावर निघू नये अशी माझी स्पष्ट विनंती आहे. तो क्रेटमध्ये येईल ते आणून देतो. मात्र त्याच्याशी बोलताना एक गोष्ट कळली, ती तुमच्या कामाची आहे. ६, ११ आणि १२ या तिन्ही दिवशी तुमची गाडी वितरकाकडे उशिरा पोहोचली होती आणि क्रेट बराच वेळ उघड्यावर होते. त्या दिवशीच्या पिशव्या हाताला थंड लागल्या नव्हत्या, हे माझ्याही लक्षात आहे.

कालची गोष्ट वेगळी आहे. काल पिशव्या चांगल्या गार होत्या, तरीही दूध फाटले. त्यामुळे फक्त गाडीच्या उशिरावर बोट ठेवून हे प्रकरण मिटवू नये. दूध मध्येच कुठेतरी कोमट होऊन पुन्हा थंड केले गेले, तर पिशवी गार लागेल, पण तोवर वाढलेली आम्लता परत जात नाही. किंवा बिघाड पिशवी भरण्याआधीचा असेल, प्रकल्पातच. पाश्चरीकरणात दूध ७२ अंश सेल्सिअसला १५ सेकंद तापवले जाते. त्याने रोगजंतू मरतात, पण सगळेच जिवाणू मरत नाहीत. काहींचे बीजाणू त्या उष्णतेतही टिकतात, आणि पुढे थंडावा तुटला की वाढीला लागतात. पिशवीवर तुम्हीच ५ अंशांखाली ठेवण्याची सूचना छापली आहे. छापलेली मुदत त्याच अटीवर उभी आहे. ती अट वाटेत तुमच्याकडून मोडली गेली, तर मुदतीच्या तारखेकडे बोट दाखवून उपयोग नाही.

आमच्या घरात दोन वर्षांची मुलगी आहे आणि नुकतीच शस्त्रक्रिया झालेले माझे सासरे आहेत. दोघांच्याही आहारात दूध महत्त्वाचे आहे. नासलेले दूध निदान दिसते तरी, ते ओतून टाकता येते. मला काळजी आहे ती ११ तारखेच्या त्या 'चांगल्या' पिशवीची, जी तापली आणि मुलीने प्यायली. तीही बिघडण्याच्या उंबरठ्यावर नव्हती कशावरून? रोज सकाळी पातेल्याकडे अशा शंकेने पाहत उभे राहायची पाळी ग्राहकावर यावी, हे मला मान्य नाही.

माझी मागणी अशी आहे. नासलेल्या सहा आणि न फोडलेली एक, अशा सात पिशव्या, म्हणजे साडेतीन लिटर दूध, बदलून द्यावे. ते एकाच दिवशी आणून टाकू नये, एवढे दूध एका दिवसात संपत नाही. पुढच्या आठवड्यात रोजच्या दोन पिशव्यांबरोबर एक जादा पिशवी, याप्रमाणे सात दिवस द्यावी, आणि ती वरील चार दिवसांच्या बॅचमधली नसावी. बिलातून रक्कम वळती करण्याचा पर्याय फोनवर सुचवला होता, तो मला नको आहे. मला पैसे नाही, चांगले दूध हवे आहे.

फ्रिजमधली बंद पिशवी तपासणीसाठी घेऊन जायला तुमचा माणूस दोन दिवसांत पाठवावा आणि पिशवी नेल्याची पोच द्यावी. तुमच्याकडे त्या बॅचचे राखून ठेवलेले नमुने असतील, तर तेही तपासावेत आणि दोन्हींचा निष्कर्ष मला लेखी कळवावा. गाडी निघताना आणि वितरकाकडे उतरवताना दुधाचे तापमान किती होते, याची त्या चार दिवसांची नोंदही पाहावी. ती नोंद ठेवलीच जात नसेल, तर तसे स्पष्ट लिहावे.

२८ मेपर्यंत लेखी उत्तर आणि बदली दुधाची सुरुवात, या दोन्ही गोष्टी व्हाव्यात. तसे न झाल्यास रतीब बंद करून हीच कागदपत्रे अन्न सुरक्षा विभागाकडे आणि ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे द्यावी लागतील. ती वेळ येऊ नये असेच मला वाटते, कारण इतकी वर्षे तुमचे दूध खरोखर चांगले होते.

माझा पत्ता आणि फोन नंबर रतीब खात्यावर नोंदवलेले आहेत. दुपारी तीननंतर फोन केल्यास मी बोलू शकेन.

कळावे,

आपली ग्राहक,
रतीब खाते क्रमांक २१७४

सोबत : पिशव्यांचे फोटो, १९ मेचे चित्रीकरण, एप्रिल महिन्याच्या बिलाची प्रत.