एक शून्य

७ जानेवारीला संध्याकाळी पाचच्या सुमाराला लक्ष्मीकाकू ऑफिसच्या खिडकीशी आल्या. आमचा टॉवेलचा कारखाना सोलापुरात, अक्कलकोट रोड एमआयडीसीत. तिथं माग चालू असले की खिडकीतनं बोलायचं म्हणजे ओरडायचंच.

"पोरी, माझी उचल कापलाव का ह्या टायमाला?"

दिवाळीत त्यांनी तीन हजार उचलले होते, महिन्याला पाचशे कापायचे ठरलं होतं. "कापली असेल काकू, बघून सांगते," म्हटलं आणि शीट उघडली.

एम.कॉम. करता करता पगार विभागात इंटर्न म्हणून लागून मला दोन महिने झाले होते. खरं तर त्या दिवशीचं काम संपलं होतं. बिराजदार सरांनी २१४ माणसांची फाईल बँकेच्या पोर्टलवर चढवली होती. शेठांच्या मोबाईलवर ओटीपी जायचा, त्यांनी मंजुरी दिली की पैसे सुटायचे. पगार सात तारखेच्या आत द्यावा लागतो, आणि सव्वीस वर्षांत सरांची एकही सात तारीख चुकलेली नाही.

काकूंची ओळ सापडली. एकूण १३,४२०. फंड १,६१०. उचल ५००. हातात १०,३०३.

"कापलेत पाचशे," मी ओरडले. काकूंनी मान हलवली, कमरेची छोटी वही काढून काहीतरी लिहिलं आणि शिलाई खात्याकडं गेल्या.

शीट बंद करायला हात गेला आणि थांबला. माझी आई विड्या वळते. लहानपणी शनिवारी तिच्याबरोबर कारखान्यात जायचे. हजारी दर किती, खराब म्हणून बाजूला काढलेल्या किती, कापून हातात किती, हे मी तिथं बोटांवर मोजायला शिकले. त्यामुळं कुणाच्याही पगाराची ओळ मी उजवीकडनं वाचते, आधी हातात किती. १३,४२० मधनं १०,३०३ मला कमी वाटले. फंड बरोबर, उचल बरोबर. मग ईएसआयच्या, म्हणजे कामगार विम्याच्या रकान्यात बघितलं. १,००७.

शेजारीच मालकाच्या हिश्शाचा रकाना होता. ४३७.

ईएसआयला कामगाराचा हिस्सा पाऊण टक्का आणि मालकाचा सव्वातीन टक्के. कामगाराचा आकडा मालकाच्या आकड्याला कधी ओलांडूच शकत नाही. सूत्रावर क्लिक केलं:

```
=ROUNDUP(G151*0.075,0)
```

पाऊण टक्का म्हणजे 0.0075. एक शून्य गळलं होतं, टिंब एक घर सरकलं होतं. १०१ रुपयांच्या जागी १,००७.

खालची ओळ बघितली. तिथंही तेच, शिलाई खात्याच्या बासष्टच्या बासष्ट बायकांना. विणकरांच्या ओळी बरोबर होत्या, कारण त्या जुन्या शीटमधनं आल्या होत्या. शिलाई खातं ठेकेदाराकडनं कारखान्याच्या पटावर आलं ते ह्याच महिन्यात, त्यामुळं मागच्या महिन्याशी ताडून बघायलाही काही नव्हतं. फरकाची बेरीज मारली. पंचावन्न हजारांच्या आसपास. पगाराच्या तीस लाखांत हे सहज लपून गेलं होतं, आणि शीटची बेरीज बँकेच्या फाईलशी रुपयाला रुपया जुळत होती. चूक दोन्हीकडं एकच असली की बेरीज जुळतेच.

त्या ओळी मीच भरल्या होत्या, परवा. सर दारात उभे राहून दर सांगत होते, मागं तीस माग खडखडत होते आणि मी ऐकेल ते टाईप करत होते. हे आठवलं आणि कानशिलं तापली.

"सर, फाईल थांबवायला लागेल."

सर डबा पिशवीत ठेवत होते. स्क्रीनजवळ येऊन चष्मा कपाळावर चढवून त्यांनी आकडा बघितला. बराच वेळ काही बोलले नाहीत.

"पुढच्या महिन्यात फरक काढून देऊ," शेवटी म्हणाले. "आता फाईल परत घ्यायची म्हणजे शेठनी तिकडनं नाकारायची, मग नवीन चढवायची. आठ वाजतील."

ते चुकीचं बोलत नव्हते. असे फरक निघतात आणि दिलेही जातात. पण माझ्या डोळ्यासमोर आईची ती शनिवारची मूठ होती.

"सर, आठवड्यावर संक्रांत आली. फरक मिळेस्तोवर गड्ड्याची जत्रा उठलेली असेल. आणि चलान भरताना पोर्टल पगारावरनं स्वतःच हिस्सा काढतं. तिथं काकूंचे १०१च भरले जाणार. वरचे ९०६ आपल्या खात्यात पडून राहणार. त्यांच्या घामाचे."

शेवटचे दोन शब्द मोठ्यानं निघाले. सरांनी माझ्याकडं बघितलं आणि फोन उचलला.

शेठ बाळीवेशीत जत्रेतल्या नंदीध्वजांचा सराव बघायला गेले होते. फोन तिसऱ्यांदा लागला तेव्हा मागनं गलका ऐकू येत होता. "शेठ, ओटीपी टाकू नका. फाईल नाकारा… हो, चूक आहे. माझी. दर मी सांगितला होता."

"सर, टाईप मी केलं होतं," फोन ठेवल्यावर मी म्हणाले.

"मी मागांच्या आवाजात तोंडी सांगितलं. कागदावर लिहून द्यायचं माझं काम होतं. एक शून्य म्हणालो का दोन, मलाच आठवत नाही." त्यांनी डबा पिशवीतनं परत काढून टेबलावर ठेवला. "बस. एकेक ओळ वाच. मी कॅल्क्युलेटरवर मारतो."

दुरुस्ती मिनिटभराची होती, तपासणी दीड तासाची. मी वाचायची, ते बटणं दाबायचे, पटलं की पेन्सिलीनं खूण. बासष्ट झाल्यावर मी थांबले, तर म्हणाले, "विणकरांच्यापण वाच." मग २१४ वाचल्या. एका जॉबरचा ओव्हरटाईम दुप्पट दरानं धरायचा राहिला होता, तोही सापडला. पावणेसातला नवी फाईल चढली. सातला शेठांची मंजुरी आली. "आता नक्की ना?" एवढंच त्यांनी विचारलं. सर "नक्की" म्हणाले.

आठला पाळी सुटली. फाटकाजवळ अंधारात मोबाईलचे उजेड लुकलुकत होते, बायका एकमेकींना मेसेज वाचून दाखवत होत्या. लक्ष्मीकाकूंनी मला बघितलं आणि सरळ माझ्याकडंच आल्या. मोबाईल एका हातात, वही दुसऱ्या हातात.

"अकरा हजार दोनशे नऊ आल्यात. माझ्या हिशोबानं दहा पाहिजे. एक रुपया कुठं गेला?"

दिव्याखाली वही धरली. आडव्या रेघांवर टॉवेलांची रोजची मोजदाद होती, खाली फंड, उचल, आणि ईएसआयसमोर १००. खिडकीशी आल्या तेव्हाच त्यांनी हे मांडून ठेवलं होतं.

"काकू, शंभर रुपये पासष्ट पैसे होतात. ईएसआयला वरचे पैसे पुरा रुपया धरतात. म्हणून एकशे एक."

"प्रत्येकाला?"

"प्रत्येकाला."

त्या थोडा वेळ वहीकडं बघत राहिल्या. मग पेन माझ्या हातात दिलं.

"मग तसं लिहून दे की इथं."

मी १०० खोडून १०१ लिहिलं. काकूंनी ते दिव्याकडं धरून परत एकदा वाचलं, वही कमरेला खोचली आणि बसस्टॉपकडं निघाल्या.