इंटर्नशिपसाठी अर्ज

हेर्ले, ता. हातकणंगले, जि. कोल्हापूर
दि. १० नोव्हेंबर २०२५

प्रति,
मा. शिंदे साहेब,
मालक, मोरजाई इंजिनिअरिंग वर्क्स,
शिरोली एमआयडीसी, कोल्हापूर.

विषय : ५ जानेवारी ते ३० एप्रिल २०२६ या काळात आपल्या मशीन शॉपमध्ये इंटर्नशिप मिळणेबाबत.

आदरणीय साहेब,

सविनय नमस्कार.

मी ऋतुजा चौगुले. दहावीनंतर डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला डिग्रीला प्रवेश घेतला आणि आता शिवाजी विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयात मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षात शिकते आहे. आठव्या सत्रात कॉलेजमध्ये प्रोजेक्ट करण्याऐवजी कारखान्यात चार महिने काम करण्याची मुभा आम्हाला आहे. ते चार महिने आपल्याकडे मिळावेत यासाठी हा अर्ज करते आहे.

आपल्या शॉपमध्ये मी यापूर्वी येऊन गेले आहे. ऑगस्टमध्ये आमच्या ग्रुपला ड्रिलिंग फिक्स्चरची बेसप्लेट ग्राइंड करून हवी होती, त्याचा दर विचारायला आम्ही आलो होतो. आपण त्या दिवशी बाहेरगावी होता. सुपरवायझर मामांनी आम्हाला थांबवून शॉप दाखवले, चहाही पाजला. मागच्या शेडजवळ पंपाच्या बेअरिंग ब्रॅकेटची रिजेक्ट कास्टिंग रचून ठेवली होती. प्रत्येकावर लाल रंगाचा पट्टा आणि दोषाभोवती खडूचा गोल. त्यातले एक मी उचलून पाहिले. बेअरिंगचा बोअर झालेला होता, फ्लँजची भोके पाडून त्यांना टॅपही मारलेला होता, आणि पायाच्या फेसवर मुगाच्या दाण्याएवढे ब्लोहोल उघडे पडले होते. मामा म्हणाले, "हे शेवटच्या फेसिंगला दिसलं. फाउंड्री कास्टिंग बदलून देते हो, पण झालेलं मशिनिंग कोण देणार?"

माझा अर्ज मुख्यतः त्या ढिगाबद्दल आहे.

कोल्हापुरात हा वाद नवा नाही. फाउंड्री म्हणते मशिनिंग रिजेक्शन, मशीन शॉप म्हणते कास्टिंग रिजेक्शन, आणि डेबिट नोट दोघांच्या टेबलांवरून फिरत राहते. तो मिटवणे एका विद्यार्थिनीच्या हातात नाही, हे मला कळते. पण दोष नेमका कुठे दिसला, कितव्या ऑपरेशनला दिसला आणि ते कास्टिंग कोणत्या हीटचे होते, एवढी नोंद रोज एका माणसाने न चुकता ठेवली तर बोलणे अंदाजावर राहणार नाही. मी पाहिलेल्या कास्टिंगवर हीट नंबर वाचता येत होता. रिजेक्शनच्या नोंदीत मात्र फक्त नग लिहिले जातात, असे मामांकडून कळले. ऑपरेटरने मशीन सोडून वहीत लिहीत बसावे अशी अपेक्षा कोणीच करणार नाही. ते काम मला द्यावे.

नोंदीतून पुढे काय करता येईल, याचाही थोडा विचार केला आहे. ओतताना निघणारा वायू आणि हलका मळ वर चढतो, म्हणून बॉक्समध्ये जी बाजू वर असते त्या कोपकडच्या फेसवर असे दोष जास्त सापडतात. ब्रॅकेटचा पाय जर कोपकडे असेल, तर दोष लपण्याची शक्यता सर्वांत जास्त असलेला फेस आपण सर्वांत शेवटी उघडतो आहोत. तोच फेस पहिल्या ऑपरेशनला घेतला तर खराब कास्टिंग तिथेच बाजूला पडेल. बोअर, ड्रिलिंग आणि टॅपिंगचा वेळ त्याच्यावर जाणार नाही. कास्टिंगमधले रिजेक्शन याने घटणार नाही. घटेल तो त्याच्यावर वाया जाणारा मशीनचा वेळ.

कागदावर हे जितके सरळ वाटते तितके ते नसणार. ऑपरेशनचा क्रम बदलला की डेटम बदलतो. आज बोअरवर लोकेट करून पाय घेतला जात असेल, तर उद्या पाय आधी घेताना जॉब कच्च्या पृष्ठभागावर तीन पॉइंटवर बसवावा लागेल, आणि फेटलिंगमध्ये राहिलेली फिन नेमकी एखाद्या पॉइंटखाली आली की बोअरच्या केंद्राची उंची बिघडेल. नव्या फिक्स्चरचा खर्च वाचणाऱ्या वेळेपेक्षा जास्त निघाला, तर "बदल करू नये" असाच अहवाल मी देईन. कॉलेजला आकड्यांनिशी दिलेला नकारही चालतो. गाइड सरांना मी हे आधीच विचारून घेतले आहे. आणि दोष कोपऐवजी कोअरच्या आसपास निघाले, तर माझा वरचा सगळा तर्क बाजूला ठेवावा लागेल. म्हणून पहिला महिना फक्त नोंदी घ्याव्यात आणि कोणत्याही सेटिंगला हात लावू नये, असे मला वाटते.

मला काय येते तेही सांगते. ड्रॉइंग वाचता येते, भौमितिक टॉलरन्सची चिन्हे समजतात. टर्निंग आणि मिलिंगचे साधे प्रोग्रॅम हाताने लिहिते. G54 मध्ये वर्क ऑफसेट घेणे, G43 ने टूलची लांबी लावणे हे कॉलेजच्या छोट्या व्हीएमसीवर केले आहे. पण त्या मशीनवर आम्ही ॲल्युमिनियम आणि माइल्ड स्टीलच कापले. कास्ट आयर्नची काळी भुकटी आणि कास्टिंगच्या कडक सालीखाली झिजणारी इन्सर्टची धार यांचा मला अनुभव नाही. तो घ्यायलाच येते आहे.

मापनाचा विषय मला मनापासून आवडतो. ६२०६ नंबरच्या बेअरिंगचा बाहेरचा व्यास ६२ मिमी. त्याच्या हाउसिंगचा बोअर H7 मध्ये ठेवायचा म्हणजे ६२.००० ते ६२.०३० मिमी, एकूण ३० मायक्रॉनची जागा. मशीनवरून नुकताच उतरवलेला जॉब खोलीच्या तापमानापेक्षा १० अंशांनी गरम असला, तर एवढ्या व्यासाला बोअर सुमारे ७ मायक्रॉन मोठा भरतो. जवळजवळ पाव टॉलरन्स नुसत्या उष्णतेत जातो. बोअर गेज रिंगवर शून्य करून मापे घेण्याचा सराव मला आहे. इन्स्पेक्शनच्या टेबलावर पहिल्या आठवड्यापासून तरी मी उपयोगी पडेन असा विश्वास वाटतो.

एक गोष्ट मोकळेपणाने लिहिते. डिप्लोमाच्या वेळी एका मोठ्या कारखान्यात प्रशिक्षण घेतले होते. तिथे आम्हाला कॉन्फरन्स रूममध्ये बसवून प्रेझेंटेशन दाखवली, जुन्या फायली लावायला दिल्या आणि शेवटी दाखला दिला. त्यांची अडचण समजू शकते. चालू लाइनवर नवखी मुले कोण उभी करणार? पण हाताला काम मिळाले नाही. आपल्याकडे चार सीएनसी आणि दोन व्हीएमसी आहेत. टेम्पोतून कास्टिंग उतरते तिथपासून गंजरोधक तेल लावून बॉक्समध्ये भरेपर्यंतचा सगळा प्रवास एका छपराखाली दिसतो. असा प्रवास मला मोठ्या ठिकाणी कोणी दाखवणार नाही. त्यामुळे डीबरिंग, लोडिंग-अनलोडिंग, पॅकिंग, जिथे माणूस कमी असेल तिथे मला उभे करावे. त्यात कमीपणा वाटणार नाही. फक्त कायम ऑफिसमध्ये बसवू नये, एवढी विनंती.

वर्गातले बरेच जण कोडिंगचे क्लास लावून आयटीच्या मुलाखतींच्या मागे आहेत. त्यांचे चुकते आहे असे मी म्हणणार नाही, पगारातला फरक मलाही दिसतो. पण मला मशीन शॉपमध्येच राहायचे आहे. इंटर्नशिप संपल्यावर नोकरी द्यावी अशी अट यात नाही. काम पाहून आपल्याला योग्य वाटले, तर त्या वेळी जरूर बोलू.

व्यवहाराच्या बाबी : हेर्ल्याहून मी दुचाकीने येईन. पहिली किंवा जनरल शिफ्ट सोयीची आहे. एखादे सेटिंग संध्याकाळी लांबले तर थांबेन, भाऊ न्यायला येईल. घरच्यांशी बोलणे झाले आहे. सेफ्टी शूज माझे आहेत. शॉपमध्ये शर्ट-पँट आणि टोपीत बांधलेले केस, ओढणी नाही, फिरत्या स्पिंडलजवळ हातमोजे नाहीत, हे नियम कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये अंगवळणी पडले आहेत. मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह आहे का, हे मात्र रुजू होण्यापूर्वी कळवावे. लिहायला संकोच वाटतो, पण न विचारता येणे अधिक अडचणीचे ठरेल.

मानधनाचा निर्णय आपला. पेट्रोलपुरते मिळाले तर घरावर भार पडणार नाही. जेवणाचा डबा मी आणेन. कॉलेजच्या गट अपघात विम्यात माझे नाव आहे, त्याची प्रत रुजू होताना देईन. आपल्याकडून कॉलेजला लेटरहेडवर संमतिपत्र, महिन्याची हजेरी आणि शेवटी एक मूल्यमापनाचा फॉर्म लागेल. गाइड सर महिन्यातून एकदा, आपल्या सोयीची वेळ ठरवून येतील.

ड्रॉइंग ग्राहकांची असतात याची मला जाणीव आहे. शॉपमध्ये मोबाइलवर फोटो काढणार नाही. अहवालात ग्राहकाचे, फाउंड्रीचे किंवा पार्ट नंबरचे नाव येणार नाही. आकडे टक्केवारीत देईन आणि कॉलेजला देण्याआधी पूर्ण अहवाल आपल्याला दाखवीन. रिजेक्शनची मूळ वही आपल्याकडेच राहील.

डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात आमची सत्र परीक्षा आहे. त्याआधी कोणत्याही शनिवारी, किंवा परीक्षेनंतर आपण सांगाल त्या दिवशी भेटायला येऊ शकते. मामांसमोर एखादे ब्रॅकेट मोजून दाखवायला सांगितले तरी माझी तयारी आहे. कॉलेजला कंपनीचे नाव २० डिसेंबरपर्यंत कळवायचे आहे, त्यामुळे होकार असो वा नकार, तोपर्यंत निरोप मिळाला तर बरे होईल. मोबाइल नंबर परिचयपत्रावर आहे. संध्याकाळी पाचनंतर फोन लगेच उचलता येतो.

आपली विश्वासू,
ऋतुजा चौगुले
अंतिम वर्ष, मेकॅनिकल इंजिनिअरिंग

सोबत : परिचयपत्र, सहाव्या सत्रापर्यंतच्या गुणपत्रिकांच्या प्रती, महाविद्यालयाचे शिफारसपत्र, ड्रिलिंग फिक्स्चरचे ड्रॉइंग आणि रिजेक्शन नोंदवहीच्या पानाचा कच्चा नमुना (मामांना दाखवून त्यात बदल सुचवावेत).