जाड अक्षरांतील ओळ

गोव्यातल्या साखळीत रात्रीचे नऊ वाजले होते आणि इंग्लंडमधल्या स्विंडनमध्ये दुपारचे साडेचार. निखिलने घरी व्हिडिओ कॉल लावला तेव्हा आई, बाबा आणि मेधाताई तिघेही जेवणाच्या टेबलाशी बसलेले दिसले. प्रयोगशाळेचा रिपोर्ट दुपारीच कुटुंबाच्या ग्रुपवर आला होता. ताईने तो छापूनही आणला होता, आणि ते दोन कागद आईने हाताखाली सरळ करून ठेवले होते. आईचे शिक्षण मराठी शाळेत सातवीपर्यंत झालेले. इंग्रजी तिला वाचता येत नसले, तरी दूध संस्थेचे हिशेब तिने वर्षानुवर्षे लिहिले असल्यामुळे आकड्यांवर मात्र तिची नजर पक्की होती.

"एकेक ओळ वाच," आई म्हणाली, "आणि मराठीत सांग."

निखिलने सुरुवात केली. हिमोग्लोबिन १०.४ होते. बायकांमध्ये ते साधारण १२ च्या वर असावे लागते, म्हणून रक्त थोडे कमी आहे, असे त्याने सांगितले. त्याखाली एचबीएवनसी ७.९ होते. तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात आणि तेवढ्या काळात रक्तात असलेल्या साखरेची खूण त्यांच्यावर उरते. त्यामुळे या एका आकड्यावरून मागच्या दोन-तीन महिन्यांतील साखर कळते, हे त्याने सावकाश समजावले.

"म्हणजे चवथीच्या नेवऱ्यासुद्धा त्यात आल्या," बाबा म्हणाले.

"आल्या, पण रक्त कमी असलं तर हा आकडा थोडा इकडेतिकडे होऊ शकतो. डॉक्टरांना दोन्ही एकत्र दाखवायला हवेत."

पुढे यकृताचे आकडे होते आणि ते सगळे मर्यादेत होते. निखिलने ते भराभर वाचले, मग पुढचे दोन आकडे सोडून तो थेट कोलेस्टेरॉलवर गेला. घरच्यांना रात्रभर काळजी नको, सकाळी ताईला एकटीला फोन करून सांगावे, असा विचार त्याने दुपारीच करून ठेवला होता.

आईचे बोट कागदावर थांबले. ते तिने कॅमेऱ्यासमोर धरले, पण फार जवळ धरल्यामुळे पडद्यावर काही क्षण नुसते हळद लागलेले नख आणि त्याखालचा ठसठशीत काळा आकडा एवढेच दिसत होते.

"हा १.४. बाकीच्यांपेक्षा जाड अक्षरांत छापलाय. त्याच्याखाली ४१, तोही जाड. हे तू वाचलं नाहीस."

"आई, ते मी ताईला सांगणार होतो."

"रक्त माझं काढलं ना? मग मला सांग."

निखिलने मग काही न लपवता वाचले. १.४ हे क्रिएटिनिन. रक्तातली ही टाकाऊ गोष्ट मूत्रपिंडे गाळून बाहेर टाकतात. ती साचू लागली तर गाळण्याचे काम मंदावले असे समजतात. ४१ हा त्याच गाळण्याच्या वेगाचा, वय धरून काढलेला अंदाज. तो ६० च्या खाली गेला तर लक्ष द्यावे लागते. मात्र एका तपासणीवरून मूत्रपिंडाचा जुनाट आजार ठरत नाही. कमी झालेला वेग किमान तीन महिने तसाच राहिला तरच तसे म्हणतात. त्यामुळे ही तपासणी पुन्हा करावी लागेल आणि लघवीतील प्रथिनेही पाहावी लागतील.

बाबा काही बोलले नाहीत. ताईने पेन्सिल घेऊन त्या दोन ओळींसमोर मराठीत अर्थ लिहायला घेतला.

"कुठली वेगळी औषधं चालू आहेत का, आई? साखरेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्यांशिवाय?"

आईने आधी बाबांकडे पाहिले, मग उठून ती देवघराशेजारच्या कपाटातून गोळ्यांची एक पट्टी घेऊन आली. गुडघे दुखत होते, चवथीच्या कामांत बसता-उठता येत नव्हते, म्हणून औषधांच्या दुकानातून तिने ही पट्टी आणली होती आणि तेव्हापासून ती रोज दोन गोळ्या घेत होती. घरात हे कुणालाच ठाऊक नव्हते. ताईने पट्टीवरचे नाव वाचून दाखवले. ते वेदनाशामकच होते.

"या गोळ्यांनी मूत्रपिंडाला होणारा रक्तपुरवठा कमी होतो," निखिल म्हणाला. "साखर आणि रक्तदाब असलेल्या माणसाने त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोज घेऊ नयेत. कदाचित आकडा त्यांच्यामुळेच चढला असेल, कदाचित नसेल. ही पट्टी आज बाजूला ठेव. बाकीच्या गोळ्या मात्र स्वतःहून बंद करू नकोस. साखरेच्या गोळीचं प्रमाण बदलायचं का, ते डॉक्टर हा ४१ पाहून ठरवतील."

"आणि गुडघे?"

"तेही त्यांनाच विचारायचं. दुखणं सहन कर, असं कुणी म्हणत नाही."

सोमवारी सकाळी ताईने रजा घेऊन आईला न्यायचे ठरले. रिपोर्टचे दोन्ही कागद, गेल्या वर्षीचा रिपोर्ट आणि गोळ्यांची ती पट्टी असे सगळे आईने एका पिशवीत घातले. गेल्या वर्षीच्या कागदावर क्रिएटिनिन किती होते, हे तिने स्वतःच ओळ शोधून पाहिले.

"०.९," ती म्हणाली. "हेसुद्धा त्यांना सांगायचं."

निखिलने तो आकडा टिपून घेतला आणि मग कोलेस्टेरॉलच्या राहिलेल्या ओळी क्रमाने वाचून पूर्ण केल्या.