ऑडिटचा मेल आणि ब विंगच्या ग्रुपवरचा मेसेज

काका, नमस्कार. तुमच्या मेलचा ग्रुपसाठी मेसेज केलाय, तो अगदी शेवटी आहे. मूळ मेलही मध्ये ठेवलाय, म्हणजे काही सुटलं असेल तर ताडून बघता येईल.

मेलमध्ये सभेची, किल्लीची, ऑडिटची, अहवालाची अशा सगळ्या तारखा आहेत. आपल्या विंगला त्यातल्या दोनच लागतात. अ विंगचा शनिवार मुद्दामच टाकला नाही, नाहीतर निम्मे लोक शनिवारी घरी थांबतील आणि रविवारी लग्नाला जातील. ‘येत्या रविवारी’ असंही लिहिलं नाही. मेसेज फिरत फिरत आठवड्याने कुणाकडे पोचला, की ‘येता’ म्हणजे कुठला रविवार ते कळत नाही. उपविधी आणि चाचण्यांची नावं काढली. ज्यांना वाचायची असतील त्यांच्याकडे मेल आहेच. गिलाव्याचं मात्र ठेवलं, कारण पहिला प्रश्न तोच येणार. तुम्ही हो म्हणालात की टाकते आणि वर पिन करते.

तुमचा मेल:

विषय : इमारतीच्या संरचनात्मक तपासणीकरिता सदनिकेत प्रवेश उपलब्ध करून देणेबाबत

मा. सभासद,

उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, आपल्या इमारतीस सन 1990 मध्ये भोगवटा प्रमाणपत्र प्राप्त झाले असून इमारतीचे वय 30 वर्षांहून अधिक झालेले आहे. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार 15 ते 30 वर्षे वयाच्या इमारतींची दर 5 वर्षांनी, तर 30 वर्षांवरील इमारतींची दर 3 वर्षांनी संरचनात्मक तपासणी करून घेणे आवश्यक आहे. त्यानुसार दि. 28 सप्टेंबर 2025 रोजीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत याबाबतचा ठराव सर्वानुमते संमत करण्यात आला आहे.

सदर तपासणी महानगरपालिकेकडे नोंदणीकृत असलेल्या संरचना अभियंत्यांमार्फत अ विंगमध्ये शनिवार दि. 15 नोव्हेंबर 2025 व ब विंगमध्ये रविवार दि. 16 नोव्हेंबर 2025 रोजी सकाळी 10 ते सायंकाळी 6 या वेळेत करण्यात येईल. तुळया, स्तंभ, स्लॅब, स्नानगृहे, शौचालये व सज्जे यांची पाहणी केली जाईल, तसेच निवडक ठिकाणी रिबाउंड हॅमर व अल्ट्रासॉनिक पल्स व्हेलॉसिटी चाचण्या घेण्यात येतील. चाचणीसाठी काही ठिकाणी गिलावा काढावा लागण्याची शक्यता असून तो पूर्ववत करण्याचा खर्च संस्था करील.

ज्या सभासदांना उपस्थित राहणे शक्य नाही, त्यांनी सदनिकेची किल्ली सदनिका क्रमांक लिहिलेल्या बंद पाकिटात बुधवार दि. 12 नोव्हेंबर 2025 पर्यंत संस्थेच्या कार्यालयात सायंकाळी 7 ते 9 या वेळेत जमा करून पोच घ्यावी. किल्लीने उघडलेल्या सदनिकेत पाहणीवेळी कार्यकारी समितीचे किमान दोन सदस्य उपस्थित राहतील. सदनिका भाड्याने दिलेली असल्यास भाडेकरूस अवगत करण्याची जबाबदारी सभासदाची राहील. गळती अथवा तडे असल्यास त्याबाबतचा लेखी तपशील पाहणीवेळी अभियंत्यांकडे द्यावा.

तपासणी अहवाल डिसेंबर अखेरपर्यंत अपेक्षित असून तो प्राप्त झाल्यानंतर विशेष सर्वसाधारण सभेपुढे ठेवण्यात येईल. सर्व सभासदांनी सहकार्य करावे, ही नम्र विनंती.

आपला विश्वासू,
मानद सचिव
(कार्यकारी समितीच्या वतीने)

ग्रुपवर टाकायचा मेसेज:

*ब विंग : रविवार 16 नोव्हेंबर, सकाळी 10 ते संध्याकाळी 6, घरी कुणीतरी मोठं माणूस हवं* 🙏

स्ट्रक्चरल ऑडिटचे इंजिनिअर प्रत्येक फ्लॅटमध्ये येणार आहेत. बाथरूम, टॉयलेट, बाल्कनी, बीम-कॉलम बघतील. गळती किंवा तडे असतील तर कागदावर लिहून त्यांच्या हातात द्या.

*घरी नसाल तर किल्ली बुधवार 12 नोव्हेंबरपर्यंत सोसायटी ऑफिसात द्या* (संध्याकाळी 7 ते 9). पाकिटावर फ्लॅट नंबर टाका, पोच घ्या. फ्लॅट उघडताना कमिटीचे दोघं तरी हजर असतील.

कुठे गिलावा काढावा लागला तर सोसायटी स्वतःच्या खर्चाने करून देईल.

फ्लॅट भाड्याने दिलाय? भाडेकरू या ग्रुपवर नाहीत, त्यांना हा मेसेज आजच पाठवा.

सविस्तर माहिती सचिवांच्या मेलमध्ये आहे. वाचलंत की फक्त फ्लॅट नंबर टाका. 👍 नको, कुणाचा ते कळत नाही.