आमचं 'पुरेसं' : पाडव्याला लिहून ठेवलेलं

आम्हा दोघांना साताऱ्याच्या घरी राहायचंय. घर स्वतःचं आहे, कर्ज फिटलंय. सकाळी अजिंक्यतारा चढून यायचं, दुपारी आईबरोबर जेवायचं. तव्यावरची गरम भाकरी पानात पडली की ती चतकोर जास्त खाते, ते मला रोज बघायचंय. मे महिन्यात हापूसच्या दोन पेट्या, वर्षातून एक लांबचा प्रवास. गाडी आहे तीच चालेल.

आजच्या भावाने याला महिना ४५ हजार लागतात. प्रवास, आरोग्य विम्याचा हप्ता आणि घरदुरुस्ती धरून वर्षाला ७ लाख. नोकरी सोडायला त्याच्या तीस पट साठवलेले हवेत, म्हणजे २ कोटी १० लाख. पंचवीस पटीत भागतं म्हणतात, पण मी पन्नाशीतच थांबणार, म्हणून जास्त धरलं. पीपीएफ, पीएफ आणि इंडेक्स फंड मिळून आज १ कोटी ३० लाख आहेत. लेकीच्या शिक्षणाचे २० लाख वेगळे. त्यांना हात लावायचा नाही.

आकडा दर पाडव्याला फक्त महागाईप्रमाणे वाढवायचा, कुणाचा नवा फ्लॅट बघून नाही. तो गाठला की त्याच महिन्यात पुण्याच्या नोकरीचा राजीनामा द्यायचा. बढती समोर असली तरी.