सोलापूर, सुरत, भिवंडी आणि मोजणीच्या चार भाषा
(एम.ए. शिक्षणशास्त्र प्रवेश अर्जासोबतचे निवेदन)

पहिली ते तिसरीच्या वर्गात मूल संख्या कशी शिकते आणि त्यात त्याच्या घरच्या भाषेचा वाटा किती असतो, हे मला अभ्यासायचे आहे. अर्जातल्या ‘येणाऱ्या भाषा’ या रकान्यात मी तेलुगू, मराठी, गुजराती आणि हिंदी अशा चार भाषा लिहिल्या आहेत. त्या मी ठरवून शिकले नाही. वडील यंत्रमागावर जॉबर आहेत. माग जिथे चालू असतील तिथे घर हलवायचे, या रीतीने त्या माझ्याकडे आल्या. हा प्रश्नही मला त्याच वाटेवर भेटला.

आम्ही सोलापूरचे पद्मशाली. तिथल्या विणकर वस्त्यांत आमच्यासारखी घरात तेलुगू आणि दाराबाहेर मराठी बोलणारी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहतात. आजी विड्या वळायची. पंचवीस विड्यांचा एक कट्टा, चाळीस कट्टे झाले की हजार, आणि मजुरी हजारावर. शाळेत जाण्याआधीच मी तिच्याजवळ बसून मोजायला शिकले, तेही तेलुगूत. ‘इरवै ओकटी, इरवै रेंडू’ म्हणजे आधी वीस, मग एक. आधी वीस, मग दोन. मराठी शाळेत गेल्यावर त्याच संख्या एकवीस, बावीस झाल्या. आता एकक आधी ऐकू यायचा आणि दशक मागून. लिहिताना मात्र दशक आधी. बाई ‘एकवीस’ म्हणाल्या की मी मनात तो ‘इरवै ओकटी’ करून घ्यायचे आणि मगच पाटीवर लिहायचे. यात काही विशेष आहे असे तेव्हा वाटले नव्हते. प्रत्येक मूल असेच करत असेल, असे मी धरून चालले होते.

तिसरीच्या सुरुवातीला आम्ही सुरतेला, उधन्याला गेलो. सुरत महानगरपालिका गुजरातीशिवाय मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू अशा माध्यमांच्याही शाळा चालवते, पण खोलीपासून चालत जाण्याजोगी शाळा गुजराती होती. अक्षरे नवी, अंकांची वळणे नवी, आणि पाढ्यांना तिथे घडिया म्हणतात. वर्गशिक्षिकेने मला पहिल्याच आठवड्यात फळ्यापाशी बोलावले आणि ‘तुला येतात त्या भाषेत म्हण’ असे सांगितले. मी मराठीत सातचा पाढा म्हटला. त्या प्रत्येक उत्तर गुजराती अंकात फळ्यावर लिहीत गेल्या, वर्ग ते गुजरातीत वाचत गेला. मला गणित येते हे वर्गाला त्या दिवशी कळले. गुजराती यायला पुढे बरेच महिने लागले, पण तोवर मी गणितात मागे पडले नाही. शिक्षणशास्त्राकडे मी का वळते आहे याचे सर्वात खरे उत्तर त्या बाई आहेत.

सुरतेतच माझ्या एक गोष्ट लक्षात आली. मराठी आणि गुजराती इतक्या जवळच्या, तरी ८९ ला मराठीत एकोणनव्वद म्हणतात आणि गुजरातीत नेव्यासी. मराठी मूल नव्वदातून एक कमी करते, गुजराती मूल ऐंशीच्या घरात नऊ मोजते. तेलुगूत ‘एनभै तोम्मिदी’, सरळ ऐंशी नऊ. दीड आणि अडीच हे शब्द मराठी-गुजराती मुलांना आयते मिळतात. तेलुगूत ‘ओकटिन्नर’, म्हणजे एक आणि अर्धा, असा आकडा उलगडून सांगितला जातो. कोणती भाषा सोपी, कोणती अवघड, असा निकाल मला द्यायचा नाही. प्रत्येक भाषा संख्येची एक बाजू उजेडात आणते आणि दुसरी झाकते, एवढे मात्र मी अनुभवाने सांगू शकते.

सातवीत आम्ही भिवंडीला आलो. पद्मानगरात तेलुगू पुन्हा कानावर पडू लागली आणि शाळा पुन्हा मराठी झाली. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असे संख्यावाचन आले, तेव्हा राज्यभर गदारोळ झाला. मराठी भाषा बुडते आहे इथपर्यंत चर्चा गेली. आमच्या घरात ते वाचून कोणालाच नवल वाटले नाही, कारण आजी आयुष्यभर तसेच मोजत आली होती. त्या वादात मला खटकले ते हे, की मराठी शाळेत बसणारी कितीतरी मुले घरी आधीपासूनच दशक आधी बोलतात, हे फारसे कोणी बोललेच नाही. एकवीस, बावीस राहिलेच पाहिजेत असे मला वाटते. बाजार, बसचे तिकीट, पगाराचा हिशेब त्यांतच चालतो. पण घरची मोजणी वर्गात मोठ्याने म्हणायला परवानगी असावी, असेही तितक्याच ठामपणे वाटते.

बी.एस्सी. (गणित) करताना मी वस्तीतल्या अभ्यासिकेत संध्याकाळी लहान मुलांना शिकवू लागले, आजही शिकवते. मुले माग कामगारांची: कोणी करीमनगरकडची तेलुगू बोलणारी, कोणी भोजपुरी, कोणी उर्दू, कोणी ओडिया. ‘त्रेसष्ट’ सांगितले की काही मुले ३६ लिहितात, कारण तीन आधी ऐकू येतो. मराठी घरातली मुलेही हे करतात. जर्मन भाषेतही एकक आधी बोलतात आणि तिथल्या मुलांच्या लेखनात अंकांची अशीच अदलाबदल संशोधकांनी नोंदवली आहे. हे वाचले तेव्हा आमच्या अभ्यासिकेतल्या वह्यांकडे मी नव्याने पाहू लागले. तेव्हापासून प्रत्येक मुलाने संख्या कशी लिहिली आणि लिहिण्याआधी ओठांत कोणत्या भाषेत पुटपुटला, हे मी टिपून ठेवते. या नोंदी पद्धतशीर नाहीत, त्यांवरून निष्कर्ष काढता येणार नाही. तेलुगू मुलांना आधी ‘अरवै मूडू’ म्हणू दिले की ६३ बरोबर येतो असे मला दिसते. पण तो भाषेचा परिणाम आहे, की मी थांबून ऐकले याचा, हे वेगळे कसे काढायचे ते मला शिकायचे आहे.

यासाठीच मला आपल्या विभागात यायचे आहे. मुलाखत आणि वर्गनिरीक्षणाची शिस्त, चाचणी कशी तयार करतात, बालविकास आणि भाषाशिक्षणाचा सैद्धांतिक पाया, यांतले माझ्याकडे आज काहीच नाही. गणित आहे आणि मुलांशी त्यांच्या भाषेत बोलता येते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिक्षण द्यावे असे सांगते. भिवंडीसारख्या गावात एकाच बाकावर तीन मातृभाषा बसतात, तिथे त्या वाक्याचा वर्गातला अर्थ काय, हे कोणीतरी बारकाईने पाहायला हवे.

प्रबंधासाठी मी भिवंडीतल्या मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळांमधील दुसरीचे वर्ग घेऊ इच्छिते. तेलुगू, हिंदी आणि मराठी घरांतल्या मुलांना दोन अंकी संख्या ऐकून लिहायला देणे, काड्यांच्या जुड्यांनी दाखवायला सांगणे, आणि प्रत्येकाशी त्याच्या घरच्या भाषेत बोलून त्याने विचार कसा केला हे समजून घेणे, असा आराखडा आहे. या तिन्ही भाषांतल्या मुलाखतींसाठी मला दुभाषा लागणार नाही. उर्दू माध्यमाच्या शाळाही घ्याव्यात अशी इच्छा आहे. त्यासाठी उर्दू लिपी शिकायला मी सुरुवात केली आहे आणि पहिल्या सत्राअखेर मुलांच्या वह्या वाचता येतील असा माझा प्रयत्न राहील.